नव्या मेंबरांसमोरचं पाच मिनिटांचं भाषण: पहिल्या तीन महिन्यांत काय होईल आणि काय होणार नाही

जिम सोडणारा माणूस सहसा पहिल्या आठवड्यात सोडत नाही. तेव्हा अंग दुखत असतं, पण हुरूपही असतो. तो सोडतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि बहुतेक वेळा वजनकाट्यावरून उतरल्यावर. रोज पहाटे उठून घाम गाळला, चहातली साखर कमी केली, आणि काटा जिथल्या तिथे, नाहीतर अर्धा किलो वरच. "मले काहीच फरक पडना नही, भाऊ," एवढं बोलून तो जातो आणि दुसऱ्या दिवसापासून दिसत नाही.

त्याच्या शरीरात तोवर बराच फरक पडलेला असतो, फक्त तो काट्यावर दिसण्याची वेळ आलेली नसते. पण तिसऱ्या आठवड्यात आपण हे समजावायला गेलो की त्याला ती सबब वाटते. तेच पहिल्या दिवशी सांगून ठेवलं असेल, तर तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच म्हणतो, "तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं." म्हणून नव्या मेंबरांसमोरच्या भाषणाचं काम हुरूप वाढवणं हे नाही. कोणत्या आठवड्यात काय होणार, हे आधी सांगून ठेवणं हे त्याचं काम आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे जिम चालवणाऱ्यांनी हे भाषण कसं तयार करावं, त्यात नेमकं काय बोलावं आणि बोलल्यावर काय करावं, ते इथे क्रमाने लिहितो. भाषणाचे तुकडे जसेच्या तसे दिले आहेत. तुमच्या गावच्या बोलीत बदलून घ्या. समोर अहिराणी बोलणारी मंडळी असतील तर अहिराणीतच बोला.

पायरी पहिली: भाषण कधी आणि कुणासमोर

आपल्याकडे नवे मेंबर लाटेने येतात. दिवाळी झाली की एक लाट, जानेवारीत दुसरी, लग्नसराईच्या तोंडावर तिसरी, आणि पोलीस भरतीची चाहूल लागली की मुलांची चौथी. प्रत्येकाला वेगळं गाठून सांगणं होत नाही. आठ-दहा जण जमले की रविवारी सकाळी नेहमीची बॅच संपल्यावर त्यांना एकत्र बसवा. गाणी बंद, पंखे चालू, सगळे मॅटवर खाली. पाच ते सहा मिनिटं पुरे. त्यापुढे लोक ऐकत नाहीत, फक्त मान हलवतात.

जमलं तर हे भाषण तीन महिन्यांची फी घेण्याआधी करा. "महिन्याभरात दहा किलो" ऐकायला आलेला एखादा माणूस त्यामुळे निघून जाईल, हे खरं. पण तो तसाही चौथ्या आठवड्यात जाणारच असतो, आणि जाऊन गावभर सांगतो की जिममध्ये काही होत नाही. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आली तर फार बरं. जेवणाबद्दल आपण जे बोलतो ते खरं तर तिनेच ऐकायला हवं असतं.

पायरी दुसरी: बोलण्याआधी मापं

मापं घेतल्याशिवाय भाषण करू नका. सुरुवातीची नोंद नसेल तर तीन महिन्यांनी दाखवायला हातात काही उरत नाही, आणि माणूस आरशावर विसंबतो. रोज आरशात बघणाऱ्याला स्वतःतला बदल सगळ्यात शेवटी दिसतो.

आधी दोन-तीन प्रश्न विचारा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, छातीत दुखणं, चक्कर येणं, जुनं ऑपरेशन, चालू असलेली औषधं. यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवून या म्हणून सांगा, आणि तोवर फक्त चालणं ठेवा. हे काम भाषणात उरकू नका. चारचौघांत कुणी खरं सांगत नाही.

मग वहीत प्रत्येकाचं एक पान करा आणि तीनच गोष्टी लिहा. पहिली, वजन. हे घरी मोजायला सांगा: सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत. आठवड्यातून तीन-चारदा मोजायचं आणि त्याची सरासरी काढायची. एका दिवसाचा आकडा फसवा असतो.

दुसरी, कंबर. या मापात चुका फार होतात. मापाची टेप शिंप्याकडची, न ताणणारी घ्या. कपडा वर करून टेप थेट अंगाला लावायची, बेंबीच्या पातळीवर, आणि ती मागच्या बाजूने खाली घसरली नाही ना हे पाहायचं. माणूस पोट आत ओढतो, ओढतोच. त्याला सहज श्वास घेऊ द्या, सहज सोडू द्या, आणि श्वास सोडून झाल्याच्या क्षणी आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोनदा मोजा. दोन्हींत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. बायकांचं माप बाई ट्रेनरनेच घ्यावं, आडोशाला. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या पुढची कंबर ही शुगर आणि हृदयाच्या आजारांच्या दृष्टीने धोक्याची मानली जाते. म्हणून वजनापेक्षा या आकड्यावर माझा जास्त भरवसा आहे.

तिसरी, ताकद. हात छातीवर बांधून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं, ते मोजा. यात सगळ्यात लवकर सुधारणा दिसते, आणि निराश माणसाला दाखवायला हाच आकडा कामी येतो.

हातात धरून चरबीचे टक्के सांगणारं मशीन पहिल्या तीन महिन्यांत बाहेर काढू नका. ते शरीरातून बारीक वीज सोडून पाण्याच्या प्रमाणावरून अंदाज बांधतं. सकाळी कमी पाणी पिऊन आलेला माणूस आणि संध्याकाळी भरपूर पाणी प्यालेला तोच माणूस, यांचे टक्के वेगळे येतात. नव्या माणसाला घाबरवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

पायरी तिसरी: पहिला आठवडा सांगणं

भाषणाची सुरुवात स्वागताच्या लांबलचक शब्दांनी करू नका. थेट उद्यावर या:

"मंडळी, आज तुमची मापं घेतली. आता पुढचे तीन महिने तुमच्या शरीरात काय होणार ते सांगतो. उद्या सकाळी अंग थोडं दुखेल. परवा जास्त दुखेल. जिना उतरताना मांड्या बोलतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायला लागेल. हे नव्या हालचालीचं दुखणं आहे, इजा नाही. त्या दिवशी सुट्टी घेऊ नका, या आणि हलकं करा. पहिले दोन आठवडे आम्ही तुम्हाला मुद्दाम कमी व्यायाम देणार आहोत. 'एवढंच?' असं वाटेल. वाटू द्या. पण सांधा टोचल्यासारखा दुखला, सुजला, छातीत दुखलं, किंवा लघवी कोलासारखी गडद झाली, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं."

शेवटचं वाक्य घाबरवण्यासाठी नाही, पण गाळायचंही नाही. बराच काळ व्यायाम न केलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी मित्राच्या नादाने दोनशे बैठका मारल्या, तर स्नायू इतके तुटू शकतात की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. गडद लघवी ही त्याची खूण. ही वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट ठेवा. वजन असं निवडा की सेट संपल्यावर अजून चार-पाच वेळा सहज उचलता आलं असतं. भरतीची मुलं इथे ऐकत नाहीत. त्यांना सांगा की स्नायूपेक्षा गुडघ्याजवळचे स्नायूबंध आणि नडगीचं हाड यांना सराव व्हायला जास्त दिवस लागतात. मैदानावर सोळाशे मीटर धावायचं असेल तर नडगी शाबूत हवी.

पायरी चौथी: तिसरा आठवडा आधीच सांगून ठेवणं

हा भाषणाचा गाभा आहे. इथे आवाज संथ करा, समोरच्यांकडे बघा, आणि हवं तर दोनदा सांगा:

"आता नीट ऐका. पहिल्या आठवड्यात काटा कदाचित अर्धा-एक किलो खाली येईल. आनंद माना, पण ती चरबी नाही, पाणी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थांबेल, किंवा वर जाईल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जाईल. त्या दिवशी मनात येईल की आपल्याच्याने होत नाही. तेव्हा हे आठवा की मी आज सांगितलं होतं. स्नायू नवे काम शिकताना पाणी धरून ठेवतात. चरबी आतून कमी होत असते, वरून पाणी वाढत असतं, आणि काट्याला दोन्हींतला फरक कळत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत थांबा."

यामागचं कारण तुम्हाला नीट माहीत हवं, कारण त्यावर प्रश्न येतोच. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना तिथे पाणी साचतं. दुसरं, स्नायू कामाला लागले की ते पिष्टमय पदार्थांपासून बनलेली साखर जास्त साठवू लागतात, म्हणजे ग्लायकोजेन. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा दोनशे ग्रॅमने वाढला तरी काटा पाऊण किलोच्या आसपास वर जातो. तेवढ्या दिवसांत चरबी खरोखर अर्धा-पाऊण किलो घटलेली असली, तरी काटा शून्य दाखवतो.

पहिल्या आठवड्यातली घट याच हिशोबाची उलटी बाजू आहे. माणूस फरसाण, लोणचं, पापड आणि शेवभाजीची तर्री एकदम कमी करतो. पोटात मीठ कमी जातं, आणि त्यासोबत धरलेलं पाणी निघून जातं. सणावारी पुन्हा उलटं होतं. आखाजीला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली, कानबाईचे रोट झाले, की दुसऱ्या दिवशी काटा किलो-सव्वा किलो वर दिसतो. एका दिवसात एवढी चरबी चढणं शक्य नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, आणि त्या नेहमीच्या जेवणावर जास्तीच्या खाव्या लागतील. चार-पाच दिवस नेहमीसारखं जेवलं की तो आकडा आपोआप उतरतो. हे सांगितलं नाही, तर लोक सणानंतर शरमेने आठवडाभर जिमला येत नाहीत. खरं नुकसान त्या आठवड्यानं होतं.

बायकांसमोर एक वाक्य वाढवा. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरलं जातं, आणि काटा किलोभर वर जाऊ शकतो. म्हणून या महिन्याच्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करायची. हे बाई ट्रेनरने सांगितलेलं बरं, पण सांगायचं नक्की.

आणि उन्हाळ्याची बॅच असेल तर आणखी एक गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. संध्याकाळच्या बॅचनंतर काटा किलोभर खाली दिसला की मुलं खूश होतात. तो निव्वळ घाम असतो आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो. वजन लवकर उतरावं म्हणून कुणी रबरी किंवा प्लास्टिकचं जॅकेट घालून ट्रेडमिलवर चढला तर त्याला तिथल्या तिथे खाली उतरवा. आपल्या उन्हाळ्यात हा थेट उष्माघाताला बोलावणं पाठवण्याचा प्रकार आहे, आणि चरबीशी त्याचा काही संबंध नाही.

पायरी पाचवी: दुसरा आणि तिसरा महिना, आकड्यांसकट

इथे काय वचन द्यायचं हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. समोरच्याला दहा किलो ऐकायचे असतात. बोला असं:

"दुसऱ्या महिन्यात सगळ्यात आधी ताकद वाढलेली जाणवेल. पिशवी हलकी वाटेल, जिन्यावर दम लागणार नाही, झोप चांगली लागेल. मग कंबर सैल होईल, पट्टा एक भोक आत जाईल. काटा त्यानंतर. ज्यांना वजन कमी करायचं आहे त्यांचे जेवण सांभाळून तीन महिन्यांत तीन ते पाच किलो गेले तर ते उत्तम काम झालं. ज्यांना अंग भरायचं आहे त्यांचं महिन्याला अर्धा किलो, फार तर एक किलो वाढेल. कपाशी लावल्यावर पहिले काही आठवडे वर फारसं दिसत नाही, सोटमूळ खाली जात असतं. तुम्ही शेतकऱ्यांची मुलं आहात, म्हणून तेव्हा रोप उपटून बघत नाही. इथेही बघू नका."

ताकद आधी आणि स्नायूंचा आकार नंतर, असं का होतं? सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत वजन जास्त उचललं जातं, त्यातला मोठा वाटा मज्जातंतूंच्या सरावाचा असतो. स्नायू तोच असतो, पण मेंदू त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. डोळ्यांना दिसेल इतका आकार यायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात. पोरं पाचव्या आठवड्यात दंडाला टेप लावून हिरमुसतात, त्यांना हे ठाऊक असायला हवं. तोवर त्यांच्या वहीत दर आठवड्याला किती किलो, किती वेळा, हेच लिहायचं. ठरलेल्या सगळ्या सेटमध्ये १२ वेळा नीट उचलता आलं की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचं, हा साधा नियम पहिल्या तीन महिन्यांना पुरतो. शेवटची दोन-तीन वेळा कंबर वाकवून, झटका देऊन उचलत असेल तर ते वजन वाढलेलं धरू नका.

हे सगळं एका माणसाच्या पानावर कसं दिसतं ते पाहू. चाळिशी ओलांडलेला, जिनिंग मिलमध्ये हिशोब लिहिणारा माणूस. उंची पाच फूट सात इंच, वजन ८६ किलो, कंबर १०२ सेंटीमीटर. दिवसभर बैठं काम. आठवड्यातून तीन दिवस जिम, पाऊण तास. खाण्यात त्याने दोनच गोष्टी बदलल्या. संध्याकाळी मिलवर चहासोबत मूठभर शेव व्हायची, ती बंद केली. दिवसाचे पाच कप चहा प्रत्येकी दोन चमचे साखरेचे होते, ते बिनसाखरेचे केले. शेवेच्या साधारण १८० ते २०० कॅलरी, साखरेच्या तेवढ्याच. म्हणजे रोजच्या ३७० च्या आसपास वाचल्या. भाकरीला हात लावला नाही.

पहिल्या आठवड्याची सरासरी आली ८५.१. तो खूश. दुसऱ्या आठवड्याला ८५.९, तिसऱ्याला ८६.२. म्हणजे सुरुवातीपेक्षाही वर. इथे हा माणूस सुटू शकला असता. पण त्याच आठवड्यात वहीत दिसत होतं की खुर्चीवरचं उठणं-बसणं ११ वरून १५ वर गेलंय आणि डंबेल धरून मारायच्या बैठका ८ किलोवरून १२ किलोवर. चौथ्या आठवड्याला वजन ८५.६, कंबर १०१. आठव्याला ८४.३ आणि ९९. बाराव्याला ८२.९ आणि ९६.५.

आता हिशोब जुळतो का बघा. रोजच्या ३७० कॅलरी, ८४ दिवस, म्हणजे ३१ हजारांच्या थोडं वर. ७७०० ने भागलं की चार किलो चरबी. काट्यावर मात्र ३.१ किलोच उतरलेले दिसतात. उरलेला फरक स्नायू आणि त्यांतलं पाणी यांनी भरून काढला असं धरायला हरकत नाही, कारण कंबर साडेपाच सेंटीमीटरने आत गेली आहे आणि बैठकांचं वजनही वाढलं आहे. प्रत्यक्षात हिशोब इतका काटेकोर क्वचितच बसतो. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत आठवड्याची बचत जाते. तरी असं एक पान भाषणानंतर नाव झाकून समोर ठेवा. भिंतीवरच्या 'आधी-नंतर'च्या फोटोंपेक्षा लोक त्यावर जास्त विश्वास ठेवतात, कारण त्यात तिसऱ्या आठवड्याचं ८६.२ सुद्धा लिहिलेलं असतं.

पायरी सहावी: जेवणाबद्दल दोनच वाक्यं

भाषणात जेवणाचा तक्ता वाचून दाखवू नका. एवढंच सांगा:

"भाकरी सोडू नका, घरचं जेवण सोडू नका. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी, दूध, दही, पनीर, मासे किंवा चिकन यातलं काहीतरी हवंच, आणि वरची शेव, तर्री, फरसाण, साखर यांना आळा घाला."

व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे साधारण ८५ ते ११० ग्रॅम. आपल्या नेहमीच्या ताटात ती एवढी नसतात, हे मान्य करायला हवं. वांग्याचं भरीत आणि भाकरी हे सुंदर जेवण आहे, पण त्यात प्रथिनं थोडी. सोबत घट्ट वरण आणि वाटीभर दही आलं की ताट सुधारतं. ज्वारीत उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी या बाबतीत नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा सरस आहे. जेवताना दोन अंडी घेतली की १२ ग्रॅमची भर पडते, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांनी सुमारे २५ ग्रॅमची. शेंगदाणे पौष्टिक खरेच, पण शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. वजन उतरवणाऱ्याने ते मुठीने खाऊ नयेत, मोजून घ्यावेत. किडनीचा आजार असलेल्याने प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पावडरीचा प्रश्न येणारच. पहिल्या तीन महिन्यांत पावडर काउंटरवर दाखवूही नका. ताटातून प्रथिनं भरून निघत नसतील तर व्हे हा दुधापासूनचा एक सोयीचा पर्याय आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही. इंजेक्शनं आणि 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्या यांना मात्र सगळ्यांसमोर, नाव घेऊन, ठाम नकार द्या. हळू निकालाची सवय नसलेला मुलगा दुसऱ्या महिन्यात याच गोष्टी शोधतो, आणि त्या विकणारा माणूस त्याला सहज सापडतो.

पायरी सातवी: शेवट आणि प्रश्न

भाषण टाळ्यांच्या वाक्यावर संपवू नका. तारखेवर संपवा:

"आजपासून तीन आठवड्यांनी मी तुम्हाला प्रत्येकाला पाच मिनिटं भेटणार आहे. त्या दिवशी वही घेऊन या. काटा वर गेला असला तरी या. तोच दिवस महत्त्वाचा आहे."

मग प्रश्न येऊ द्या. एखादी ताई विचारेल की वजनं उचलून पुरुषांसारखे दंड होतील का. तिला सांगा की स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं, त्यामुळे तसं तीन महिन्यांत काय, तीन वर्षांतही चुकून होत नाही. हाडं मजबूत होतात, हे मात्र होतं. एखादे काका विचारतील, फक्त पोट कमी करायचा व्यायाम द्या. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात, पण चरबी कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं, आणि पुरुषांची कंबरेवरची चरबी हट्टी असते. एखादा मुलगा म्हणेल, मी रोज दोनदा येतो. त्याला आठवड्याचे तीन-चार दिवस ठरवून द्या आणि उरलेल्या दिवशी चालायला पाठवा. स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत, विश्रांतीत वाढतात.

पायरी आठवी: भाषणानंतरची तिसऱ्या आठवड्याची भेट

ही भेट झाली नाही तर भाषण वाया गेलं समजा. पाच मिनिटांत तीनच गोष्टी करा. आधी ताकदीचं पान उघडा आणि त्यांनाच आकडे वाचायला लावा. मग कंबर मोजा. शेवटी वजन विचारा, याच क्रमाने. काटा आधी विचारला की पुढचं काही ऐकलं जात नाही. जे मेंबर चार-पाच दिवस आलेले नाहीत त्यांना फोन करा. "का आला नाहीत" असं विचारू नका. "दुखणं कसं आहे, काटा वर गेला का" असं विचारा. बऱ्याचदा समोरून थोडा वेळ शांतता, आणि मग "हो ना भाऊ" असं उत्तर येतं.

बारा आठवड्यांनी तिन्ही मापं पुन्हा घ्या, त्याच टेपने, शक्यतो त्याच वेळेला. ताकद वाढली, कंबर घटली आणि काटा फारसा हलला नाही, तर तो निकाल चांगला आहे. त्या मेंबरने आहे तेच चालू ठेवावं. ताकद वाढली पण कंबर आणि काटा दोन्ही जागच्या जागी, तर जेवणात कुठेतरी भर पडते आहे. सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, तेलाच्या चमच्यासकट, लिहून आणायला सांगा. बहुतेक वेळा ती शेतात किंवा दुकानावर उभ्या-उभ्या खाल्लेल्या वस्तूंत सापडते. नियमित येऊनही तिन्ही आकडे हलले नसतील, सोबत सतत थकवा, थंडी वाजणं, केस गळणं किंवा पाळी अनियमित होणं असेल, तर व्यायाम वाढवू नका. थायरॉइड, पीसीओडी किंवा चालू असलेलं एखादं औषध हे कारण असू शकतं. त्या माणसाला वहीच्या पानाचा फोटो काढून द्या आणि डॉक्टरकडे पाठवा. बारा आठवड्यांची नोंद समोर असली की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.